चालताना पोटरीत येणारी कळ आणि शरीरातील इतर धमन्या

प्रश्न: माझे वडील ६३ वर्षांचे आहेत, सांगलीत राहतात. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि बिडी तरुणपणापासून. घरापासून भाजी मंडईच्या निम्म्या वाटेवर गेले की उजवी पोटरी भरून येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. आधी मणक्याचा एमआरआय केला, त्यात गादी थोडी सरकल्याचं निघालं. आता रक्तवाहिन्यांचे डॉक्टर म्हणतात की पायाच्या धमनीत ब्लॉकेज आहे. पण पायाची अँजिओप्लास्टी न करता त्यांनी अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, ईसीजी आणि टूडी इको लिहून दिलं. छातीत त्यांना कधीच दुखलेलं नाही. दुखतंय पोटरीत, मग औषधं हृदयाची कशाला? त्यांच्या कागदावर दाबाचे आकडे असे आहेत: उजवा हात १४८, डावा हात १४२, उजवा घोटा ९२, डावा घोटा १२८.

उत्तर:

डॉक्टरांनी दिलेली औषधे हृदयरोग्यांना दिली जातात तीच आहेत, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि ती देण्यात त्यांची काही गफलत झालेली नाही. तुमच्या वडिलांच्या उजव्या पायात जे झाले आहे ते धमन्यांच्या आतल्या अस्तराचे दुखणे आहे. ते अस्तर पायापासून मेंदूपर्यंत सलग एकच असते, आणि पोटरी हा त्या दुखण्याची पहिली तक्रार करणारा भाग ठरला आहे. पोटरीच्या दुखण्याने पाय गमावण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. हृदयविकाराच्या झटक्याची आणि पक्षाघाताची शक्यता मात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. औषधे त्या दुसऱ्या धोक्यासाठी आहेत.

दुखणे मणक्याचे की धमनीचे, हा प्रश्न आधी मिटवू, कारण तो मनात राहिला तर गोळ्या चार महिन्यांत बंद पडतात, असा माझा अनुभव आहे. साठीच्या पुढच्या माणसाच्या कमरेचा एमआरआय केला की गादी सरकलेली किंवा झिजलेली दिसणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ज्यांना काहीही दुखत नाही अशा अनेकांतही ती दिसते. त्यामुळे चित्रात काय दिसले यापेक्षा दुखणे कसे वागते याला अधिक किंमत द्यावी लागते. मणक्यातली जागा अरुंद झाल्याने जे दुखते ते नुसते रांगेत उभे राहिल्यानेही वाढते, आणि थांबल्याने कमी होत नाही. त्यासाठी माणसाला बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. अशी माणसे सायकल आरामात चालवतात, कारण सायकलवर पाठ वाकलेली असते. धमनीचे दुखणे उलट वागते. ते स्नायूने काम केल्याशिवाय येत नाही, दर वेळी जवळपास तेवढ्याच अंतरावर येते, चढावर किंवा भरभर चालताना लवकर येते आणि जागच्या जागी नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत पूर्ण ओसरते. त्यानंतर पुन्हा तेवढेच अंतर चालता येते. तुमच्या वडिलांचे वर्णन अगदी असेच आहे. रात्री झोपेत पोटरीत येणारे वांब हा आणखी वेगळाच प्रकार आहे. त्याचा धमनीशी सहसा संबंध नसतो.

आता कागदावरचे आकडे पाहू. आडवे झोपवून दोन्ही हातांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा, म्हणजे सिस्टॉलिक, दाब डॉपलरच्या लहान यंत्राने मोजतात आणि घोट्याच्या दाबाला हाताच्या दाबाने भागतात. दोन हातांपैकी ज्याचा दाब जास्त तो घ्यायचा असतो, म्हणून येथे १४८ घ्यावा लागेल. उजव्या पायासाठी ९२ भागिले १४८, म्हणजे ०.६२. डाव्या पायासाठी १२८ भागिले १४८, म्हणजे ०.८६. निरोगी माणसात घोट्याचा दाब हाताइतका किंवा थोडा अधिक असतो आणि भागाकार १.०० ते १.४० यांच्या दरम्यान येतो. ०.९० किंवा त्याखाली आला तर वाटेत कुठेतरी धमनी अरुंद झाली आहे असे मानले जाते, आणि ०.४० च्या खाली गेला तर आजार तीव्र समजला जातो. उजव्या पायाचा आकडा मध्यम प्रतीचा आजार दाखवतो. माझी नजर मात्र डाव्या पायाकडे जाते. तो पाय कधीच दुखलेला नाही आणि त्याचाही आकडा ०.९० च्या खाली आहे. दुखणे एका पायात असले तरी आजार दोन्ही पायांत आहे, हे त्याच कागदावर लिहिलेले आहे. आजार पोटरीपुरता नाही, याचा पहिला पुरावा शोधण्यासाठी हृदयापर्यंत जाण्याचीही गरज पडली नाही.

दुखते ते का, हे कळले की पुढचे बरेच उलगडते. पोटाच्या मुख्य धमनीतून रक्त जांघेत येते, तिथून मांडीतल्या लांब धमनीतून खाली उतरते आणि मांडीच्या खालच्या भागात स्नायूंच्या मधल्या एका चिंचोळ्या वाटेतून गुडघ्यामागे जाते. पोटरीत कळ येणाऱ्या बहुतेक रुग्णांत अरुंदपणा या मांडीच्या धमनीत, विशेषतः त्या चिंचोळ्या वाटेजवळ असतो. दुखणाऱ्या जागेच्या एक पायरी वर आजार असतो, असा साधा हिशोब आम्ही ठेवतो. कळ नितंबात आणि मांडीत येत असेल तर अडथळा त्याहून वर, ओटीपोटातल्या धमन्यांत शोधावा लागतो. बसलेल्या माणसाच्या पोटरीला रक्त फार कमी लागते. धमनीचा व्यास निम्म्याने कमी झाला तरी पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन ती तूट भरून काढतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. चालायला लागले की स्नायूची मागणी कित्येक पटींनी वाढते. पुढच्या वाहिन्या आता आणखी रुंद होऊ शकत नाहीत, अरुंद जागेच्या पलीकडचा दाब कोसळतो आणि स्नायू पुरेशा प्राणवायूविना काम करू लागतो. त्यातून तयार होणारी द्रव्ये चेतातंतूंना टोचतात, तीच ती कळ. थांबले की मागणी खाली येते, साचलेले धुऊन निघते आणि कळ जाते.

या वर्णनात पोटरीच्या जागी हृदयाचा स्नायू ठेवला तर ते अंजायनाचे, म्हणजे श्रमाने छातीत येणाऱ्या कळेचे, वर्णन होते. यंत्रणा तीच आहे आणि कारणही तेच आहे. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरते, तिथे अडकते, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि फुगतात, त्याभोवती दाह होतो, तंतू वाढतात आणि वर्षानुवर्षे एक थर तयार होत जातो. बिडीचा धूर, रक्तातली वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब हे तिन्ही त्या अस्तराला इजा करतात, आणि तिन्ही कुठल्याही एका अवयवाला वेगळे काढून त्रास देत नाहीत. रक्तात आलेला धूर पोटरीत जातो तसाच हृदयात, मानेत आणि मूत्रपिंडातही जातो. थर मात्र सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे धमनीला फाटे फुटतात, जिथे ती वळते आणि रक्ताचा प्रवाह भिंतीवर घासून सरळ न जाता घोटाळतो, अशा ठरावीक जागा तो पसंत करतो. हृदयाच्या धमन्यांचे सुरुवातीचे भाग, मानेतल्या धमनीचा दुभाग, मूत्रपिंडाच्या धमनीचे मूळ, पोटातल्या मोठ्या धमनीचा खालचा भाग आणि मांडीची धमनी या त्या जागा आहेत. यांपैकी एका ठिकाणी थर बोलू लागला असेल तर उरलेल्या ठिकाणी तो असण्याची शक्यता फार मोठी असते.

ती किती मोठी, याचे सर्वांत बोलके काम अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधून १९८४ साली प्रसिद्ध झाले. पायाच्या, मानेच्या किंवा पोटातल्या धमन्यांच्या आजारासाठी आलेल्या १००० रुग्णांच्या हृदयाची तिथे सरसकट अँजिओग्राफी केली गेली. हृदयाच्या धमन्या पूर्णपणे निर्दोष असलेले रुग्ण जेमतेम ८ टक्के निघाले. हे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी विचारात घेतलेले, म्हणजे आजार पुढे गेलेले होते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. तुमच्या वडिलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. दुसरे काम सॅन दिएगोचे आहे आणि ते १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णालयात आलेले रुग्ण नव्हे, तर वस्तीतले सर्वसाधारण वयस्कर लोक तपासले आणि १० वर्षे त्यांचा मागोवा घेतला. पायाच्या मोठ्या धमन्यांचा आजार असलेल्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे सहापट आढळले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना वगळून हिशोब केला तरी धोका वाढलेलाच राहिला. हा शेवटचा भाग तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. ‘छातीत कधीच दुखले नाही’ ही माहिती दिलासा देणारी वाटते, पण या धोक्यातून ती माणसाला बाहेर काढत नाही.

याउलट पायाचे भवितव्य पाहा. चालताना कळ येते एवढीच तक्रार असलेल्या रुग्णांचा पुढील पाच वर्षांचा प्रवास पाहिला तर सुमारे ७० ते ८० टक्के लोकांचा पाय आहे तसाच राहतो, काहींचे चालण्याचे अंतर कमी होते, आणि पाय गमावण्याच्या टोकापर्यंत अगदी थोडे, शंभरातले एक ते तीन जण पोहोचतात. त्याच पाच वर्षांत शंभरातल्या सुमारे २० जणांना जीवघेणा न ठरलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो आणि १० ते १५ जणांचा मृत्यू होतो. त्यातले बहुतेक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. बिडी चालू ठेवणाऱ्यांत आणि मधुमेह असलेल्यांत पायाचे चित्र यापेक्षा वाईट असते, आणि तुमच्या वडिलांकडे दोन्ही आहेत, म्हणून पायाकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. पण पैसे, वेळ आणि चिंता कुठे खर्च करायची, याचा क्रम या आकड्यांतून ठरतो.

मग छातीत दुखत का नाही, ही तुमची शंका राहते. यामागे दोन कारणे असू शकतात आणि ती दोन्ही मी रुग्णांच्या नातेवाइकांना मुद्दाम सावकाश सांगतो. पहिले असे की पोटरी हृदयाला कामच करू देत नाही. वडील निम्म्या वाटेवर थांबतात, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके फारसे वाढलेले नसतात. हृदयाची धमनी अरुंद असली तरी तिची तूट जिथे उघडी पडते त्या श्रमापर्यंत ते पोहोचतच नाहीत. गाडीच्या इंजिनाला वेग वाढू न देणारा गव्हर्नर बसवावा, तसे पोटरीचे हे काम आहे. म्हणूनच पायाची अँजिओप्लास्टी चांगली होऊन माणूस दूरवर चालू लागला की काही जणांना आयुष्यात पहिल्यांदा छातीत दाटते. पायाच्या उपचाराने हृदय बिघडले असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात ते झाकलेले दुखणे उघडे पडलेले असते. दुसरे कारण मधुमेह. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाच्या वेदनेचे चेतातंतूही मंद होतात, आणि अशा माणसात अंजायना वेदनेच्या रूपात न येता नुसता दम लागणे, जेवणानंतर चालताना पोटाच्या वर जड वाटणे किंवा विनाकारण घाम येऊन गळून जाणे अशा रूपात येतो. त्यामुळे वडिलांना ‘छातीत दुखते का’ एवढेच विचारू नका. जिना चढताना आधी पोटरी थांबवते की दम, हे विचारा.

पक्षाघाताच्या बाबतीतही असेच विचारावे लागते. एका डोळ्यापुढे काही मिनिटे पडदा आल्यासारखे झाले होते का, एका हातातून भांडे निसटले का, बोलताना जीभ थोडा वेळ जड झाली का, आणि हे आपोआप बरे झाले म्हणून कुणाला सांगितले नाही, असे घडले आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मानेच्या धमन्यांचा डॉपलर तातडीने करावा. दोन हातांच्या दाबात १५ ते २० पेक्षा जास्त फरक असेल तर खांद्याकडे जाणारी धमनीही अरुंद असू शकते. वडिलांचा फरक सहाच आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नाही. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहावे. ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर, बिडी ओढणारा पुरुष म्हणून, पोटाच्या मुख्य धमनीला फुगा आलेला नाही ना हे एकदा सोनोग्राफीने पाहून घेणेही योग्य ठरेल.

इतका धोका असेल तर हृदयाची अँजिओग्राफीच का करू नये, असे तुम्ही विचाराल, आणि बाजारात ती करून द्यायला तयार असलेलेही भेटतील. माझे मत स्पष्ट आहे: लक्षणे नाहीत, ईसीजी आणि इको ठीक आहेत, तर ती करू नये. अरुंद जागा सापडली म्हणून स्टेंट घातल्याने अशा लक्षणविरहित माणसाचे आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. पायाच्या किंवा पोटाच्या धमनीची मोठी शस्त्रक्रिया होणार असलेल्या, पण हृदय स्थिर असलेल्या रुग्णांवर अमेरिकेत केलेली एक मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आधी हृदयाचा बायपास किंवा अँजिओप्लास्टी करून घेतलेले आणि न केलेले, या दोन गटांच्या दीर्घकालीन मृत्युदरात फरक आढळला नाही. याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. झटका बऱ्याचदा सर्वांत अरुंद जागेवर येत नाही. मऊ, दाहाने भरलेला, फारसा न बोचणारा थर अचानक फुटतो आणि त्यावर गुठळी जमते. स्टेंट एका जागेवर बसतो. गोळ्या सगळ्या जागांवर काम करतात. ईसीजी आणि इको मात्र करून घ्या, कारण पूर्वी येऊन गेलेला मूक झटका किंवा हृदयाची कमी झालेली ताकद त्यात दिसू शकते आणि त्यावर औषधांची निवडही अवलंबून असते.

आता गोळ्यांबद्दल. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, ही या यादीतली सर्वांत महत्त्वाची आहे. ती कोलेस्टेरॉल वाढले आहे म्हणून दिलेली नाही; अहवालात आकडा ‘नॉर्मल’ आला तरी ती चालू ठेवायची असते, आणि प्रयोगशाळेच्या कागदावरची नॉर्मलची मर्यादा निरोगी माणसासाठी असते. धमन्यांचा आजार सिद्ध झालेल्या माणसात एलडीएल मूळ पातळीच्या निम्म्याहून खाली आणि ५५ मिलिग्रॅमच्याही खाली आणावे, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० किंवा ८० मिलिग्रॅमच्या मोठ्या मात्रेत दिले जाते, दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले जाते आणि गरज पडली तर एझेटिमाइब जोडले जाते. स्टॅटिनने थराच्या आतला दाह आणि चरबी कमी होऊन तो टणक आणि न फुटणारा बनतो. धमनी पूर्वीसारखी मोकळी होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम किंवा त्याऐवजी क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम हे फुटलेल्या थरावर गुठळी जमू नये यासाठी असते. पित्ताचा किंवा अल्सरचा जुना त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. रक्तदाब १४८ आहे. तो एकदाच मोजलेला असेल तर पुन्हा मोजावा, आणि खरोखरच वाढलेला असेल तर रामिप्रिलसारख्या गटातली गोळी बहुधा सुरू होईल. ती सुरू केल्यानंतर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे. क्रिएटिनिन एकदम चढले तर मूत्रपिंडाच्या दोन्ही धमन्या अरुंद असल्याची शंका घ्यावी लागते, म्हणजे याच आजाराचा आणखी एक पत्ता सापडतो.

बिडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सगळे ठाऊक असूनही एक गोष्ट राहून जाते: बिडी कमी करणे आणि बंद करणे यांत धमनीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दिवसाला दोन बिड्यांवर आलो, याने अस्तराला विशेष आराम मिळत नाही. ‘बिडी सोडली, आता फक्त तंबाखू’ हाही सुटकेचा मार्ग नाही. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम किंवा व्हॅरेनिक्लिन यांच्या मदतीने सोडणाऱ्यांना यश अधिक मिळते, तेव्हा नुसत्या निश्चयावर सोपवू नका.

चालणे हे पायाचे औषध आहे, आणि ते ‘रोज थोडे चाला’ एवढे सैल नाही. ज्या वेगाने तीन ते पाच मिनिटांत कळ सुरू होईल अशा वेगाने चालायचे, कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत थांबायचे नाही, मग कळ पूर्ण जाईपर्यंत उभे राहायचे किंवा बसायचे, आणि पुन्हा निघायचे. थांबण्याचा वेळ धरून हे ३० ते ४५ मिनिटे करायचे, आठवड्यातून किमान तीनदा, किमान १२ आठवडे. कळ आली म्हणजे पायाला इजा होते आहे असे नाही. ही भीतीच लोकांना चालू देत नाही. तीन महिन्यांत पुष्कळांचे अंतर दीडपट-दुप्पट वाढते. यात धमनीतला अडथळा कमी झालेला नसतो. स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक काटकसरीने वापरायला शिकतो आणि चालण्याची ढब सुधारते. ओटीपोटातल्या धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचे ट्रेडमिलवरचे चालणे सहा महिन्यांनंतर स्टेंट घातलेल्यांपेक्षाही अधिक सुधारलेले होते. तुमच्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टीची घाई केली नाही, याचे कारण येथे आहे. मांडीच्या धमनीतले स्टेंट काही वर्षांत पुन्हा अरुंद होण्याची शक्यता बरीच असते, आणि पायाच्या स्टेंटने हृदयाचा धोका कमी होत नाही. तीन महिने नीट चालूनही दुखणे कामाआड येत राहिले, तर तो मार्ग उघडा आहेच. सिलोस्टॅझॉल नावाची गोळी चालण्याचे अंतर थोडे वाढवते, पण हृदयाची ताकद कमी असलेल्यांना ती देत नाहीत; इको आधी का हवा, याचे हे आणखी एक कारण.

चालण्याचे अंतर वाढू लागले की वर सांगितलेला गव्हर्नर सैल होतो, हे विसरू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पोटरी साथ देते आहे, पण दम लागतो, छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटते, असे वडील म्हणाले, तर तो दिवस चालण्याचा नाही. त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि आता अँजिओग्राफीचा विचार योग्य ठरेल.

या सगळ्या विवेचनाला काही मर्यादा आहेत. बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीच्या तरुणाला पायात, विशेषतः तळपायात, चालताना कळ येत असेल, बोटांवर जखमा होत असतील आणि हातांच्या बोटांनाही त्रास असेल, तर तो बहुधा बर्जरचा आजार असतो. आपल्याकडे तो पुष्कळ दिसतो. त्यात लहान आणि मध्यम धमन्यांना सूज येऊन गुठळ्या होतात, हृदयाच्या धमन्या सहसा सुटतात आणि उपचाराचा जवळपास सगळा भार तंबाखू पूर्ण सोडण्यावर असतो. त्याला पायावरून हृदयाचा अंदाज हा नियम लागू होत नाही. तुमच्या वडिलांचे वय, मधुमेह आणि दुखण्याची जागा पाहता तो प्रकार येथे दिसत नाही.

दुसरी मर्यादा मधुमेहाची आहे. मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत चुना बसतो, पट्ट्याने त्या दबत नाहीत आणि यंत्र खोटा, चढा दाब दाखवते. आकडा १.४० च्या वर गेला तर तो उत्तम नव्हे, निरुपयोगी समजावा. तुमच्या वडिलांचा ०.६२ हा आकडा खालचा असल्याने निदान पक्के आहे. पण डाव्या पायाचा ०.८६ हा प्रत्यक्षात आणखी कमी असू शकतो. पायाच्या अंगठ्यातला दाब मोजण्याची सोय मिरज-सांगलीत जिथे असेल तिथे तो एकदा मोजून घ्यावा, कारण अंगठ्याच्या वाहिन्यांत चुना क्वचितच बसतो. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या अधिक बिघडतात आणि तळव्याची संवेदनाही कमी होते, त्यामुळे कळ न येताच थेट जखम दिसण्याची शक्यता असते. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. पोटरी दुखते म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नका. रक्त कमी असलेल्या आणि बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही आणि ते भरूनही येत नाही. शिरांच्या आजारासाठी मिळणारे घट्ट मोजेही अशा पायात घालू नयेत.

रात्री झोपल्यावर पाऊल ठणकू लागले आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावरच बरे वाटू लागले, बोट काळे पडले किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर पायाच्या अँजिओप्लास्टीचा किंवा बायपासचा निर्णय काही दिवसांत घ्यावा लागतो. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला, बोटे हलेनात, तर अवधी फार तर सहा तासांचा असतो. अशा वेळी ओपीडीच्या वाराची वाट न पाहता, धमनीची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट न्यावे.